चौदा दिवसांचा उशीर, दोन दिवसांचा खोळंबा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतला एखादा मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांसमोर आणू. पुढे फौंड्री, मागे मशीन शॉप. हातात ऑर्डर आहे बिडाच्या ४०० गिअरबॉक्स हाउसिंगची आणि गिऱ्हाईक आहे चाकणचं. ३ एप्रिलच्या दुपारी नमुन्याचे दहा नग मशीनवर चढतात. बाहेरून सगळे स्वच्छ दिसतात, शॉट ब्लास्टिंगनंतर तर चकाकतातच. पण बेअरिंग बसायच्या जागी बोअरिंग सुरू होतं, वरची दोन-अडीच मिलिमीटर कातडी निघते आणि आत ज्वारीच्या दाण्याएवढी गुळगुळीत छिद्रं दिसू लागतात. दहापैकी चार नगांत.

ऑपरेटर मशीन थांबवतो. सुपरवायझर येतो, बॅटरी मारून पाहतो आणि म्हणतो, “ब्लो होल.”

पहिले २०० नग २० एप्रिलला आणि उरलेले २०० नग ३० एप्रिलला पाठवायचे, असं ठरलेलं आहे. आता ते होणार नाही, हे मशीन शॉपमधल्या प्रत्येकाला कळलंय. कळायचं राहिलंय ते फक्त चाकणच्या खरेदी अधिकाऱ्याला. त्याला ते कसं कळवलं जातं, यावर पुढच्या सहा आठवड्यांतली बरीच डोकेदुखी ठरते. कारखाना काल्पनिक आहे, पण हा प्रसंग महाराष्ट्रातल्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत ओळखीचा वाटेल.

पहिला मसुदा

संध्याकाळी मार्केटिंग सांभाळणारा माणूस मेल लिहायला बसतो. बहुतेक वेळा पहिला मसुदा असा उतरतो: ‘काही अपरिहार्य तांत्रिक अडचणींमुळे आपल्या मालास थोडा विलंब होत आहे. आमची टीम अहोरात्र प्रयत्न करीत असून लवकरात लवकर माल पाठविण्यात येईल. आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया सहकार्य करावे.’

या मजकुरात खोटं काहीच नाही. तरी चाकणच्या माणसाला तो काडीचाही उपयोगी पडत नाही. त्याच्या टेबलावर असेंब्ली लाइनचं वेळापत्रक पडलेलं असतं. ही लाइन २२ एप्रिलला सुरू व्हायची आहे आणि तिला रोज १० हाउसिंग लागणार आहेत. मेल वाचताना तो एकच गोष्ट शोधत असतो: कुठल्या तारखेला किती नग येणार? ‘थोडा’, ‘लवकरात लवकर’, ‘अहोरात्र’ हे शब्द त्याला वेळापत्रकाच्या कुठल्याच रकान्यात लिहिता येत नाहीत. मग तो फोन उचलतो आणि मेलमध्ये जे यायला हवं होतं ते वैतागून तोंडी विचारतो. समोरचा गोंधळून म्हणतो, “साहेब, आठ दिवसांत देतो.” आठ दिवस हा आकडा कुणी काढलेला नसतो. तो तोंडातून निसटलेला असतो, पण चाकणला मात्र तो लगेच लिहून घेतला जातो.

जाणकार माणसं म्हणून क्रम उलटा ठेवतात. आधी फोन करायचा, त्यात तारीख द्यायची नाही. “साहेब, नमुन्याच्या चार नगांत ब्लो होल निघालेत. २० तारीख धरू नका. नवं वेळापत्रक उद्या संध्याकाळी पाचपर्यंत मेलवर देतो.” त्यामागोमाग याच अर्थाचा दोन ओळींचा मेल जातो, म्हणजे बातमी कधी दिली याची नोंद राहते. हाती असलेला एक दिवस तारखा खऱ्या अर्थानं काढायला वापरायचा.

दुसरी तारीखही का चुकते

हा एक दिवस महत्त्वाचा असतो, कारण पहिली तारीख चुकल्यावर गिऱ्हाईक कुरकुरत का होईना समजून घेतं. दुसरीही चुकली, की तिसऱ्या तारखेवर त्याचा विश्वास उरत नाही. आणि दुसरी तारीख चुकण्याकडे माणसाचा कल असतो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल. सरासरी अंदाज आला सुमारे ३४ दिवस. सगळं बिनसलं तर किती, असं विचारल्यावर उत्तर आलं सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५. म्हणजे ‘वाईटात वाईट’ म्हणून दिलेला आकडासुद्धा आशेनेच भरलेला होता.

मोठमोठ्या कंपन्याही यातून सुटत नाहीत. एअरबसचं दुमजली ए-३८० विमान हे त्याचं गाजलेलं उदाहरण. २००५च्या जूनमध्ये कंपनीनं विमान कंपन्यांना पहिला उशीर कळवला, सुमारे सहा महिन्यांचा. २००६च्या जूनमध्ये दुसरा, आणखी सहा-सात महिन्यांचा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिसरा, साधारण आणखी एका वर्षाचा. दोष होता विमानात खेळवायच्या वायरिंगमध्ये. एका विमानात शेकडो किलोमीटर लांबीच्या तारा होत्या. जर्मनीतल्या हँबुर्गचे आणि फ्रान्समधल्या तुलूजचे अभियंते डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. परिणामी तयार होऊन आलेले तारांचे जुडगे विमानात बसवताना जागेवर पुरत नव्हते.

उशिराची बातमी तीनदा गेली, कारण पहिल्या दोन वेळा नवी तारीख काढताना दुखणं कुठवर पसरलंय याचा ठाव लागलेला नव्हता. जून २००६मध्ये सांगितलं गेलं, की २००७मध्ये नऊ विमानं मिळतील. ऑक्टोबरमध्ये तोच आकडा एकवर आला. ते एकमेव विमान सिंगापूर एअरलाइन्सला १५ ऑक्टोबर २००७ रोजी मिळालं. दरम्यान फेडेक्सनं नोव्हेंबर २००६मध्ये आपली दहा मालवाहू ए-३८० विमानांची ऑर्डर रद्द केली आणि बोइंगकडे मोर्चा वळवला. सुरुवातीपासून दीड-दोन वर्षांचा उशीर सांगितला असता तर काय झालं असतं, हे कुणी सांगू शकत नाही. पण दर काही महिन्यांनी सरकणाऱ्या तारखेवर विमानांचा ताफा आखणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

शिरोलीच्या कारखान्यापुढे प्रश्न लहान आहे, जात तीच आहे. नवी तारीख देण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: दोष नक्की कशामुळे आला, आणि तो दुरुस्त झाल्यावर रोज किती नग निघू शकतात.

दोष शोधायचा, मग दिवस मोजायचे

पहिली गोष्ट फौंड्रीचा माणूस छिद्राच्या रूपावरूनच बरीचशी ओळखतो. धातू थंड होताना आकसून पडलेली पोकळी खडबडीत, दातेरी असते. वायू अडकून पडलेलं छिद्र गोलसर असतं आणि आतून गुळगुळीत. इथं छिद्रं गुळगुळीत आहेत, म्हणजे वायूच. तो आला कुठून? हाउसिंगची आतली पोकळी वाळूच्या कोअरनं घडवतात. ही वाळू रेझिननं बांधलेली असते. सुमारे १,४०० अंश सेल्सिअस तापलेलं बीड तिला भिडलं, की रेझिन जळतं आणि वायू सुटतो. कोअरमध्ये त्याला बाहेर जायला वाट, म्हणजे व्हेंट, नीट ठेवलेली नसली तर तो वितळलेल्या धातूत घुसतो आणि वरची साय गोठली की आतच अडकतो. ओतीव नग बाहेरून निर्दोष दिसतो तो यामुळेच. छिद्र उघडं पडतं मशीनवर.

चारही नगांत छिद्रं बेअरिंगच्या जागेजवळच, कोअरचा सगळ्यात जाड भाग असलेल्या बाजूला आहेत. कोअर बॉक्स उघडून पाहिल्यावर कळतं, की त्या भागाला व्हेंटच नाही. एवढ्यावर दोष ‘सापडला’ असं म्हणता येतं का? पूर्ण नाही. व्हेंट ठेवून पुन्हा ओतून, मशीन करून, एकही छिद्र निघालं नाही तर सापडला. मेल लिहिताना हा फरक पाळावा लागतो. संशयाला निदान म्हणून कळवलं आणि पुढच्या खेपेला छिद्रं पुन्हा निघाली, की आधीचा सगळा मेल खोटा ठरतो.

या टप्प्यावर कारखान्यात हमखास एक सूचना येते. दहापैकी सहा नग चांगले आहेत ना? मग सगळेच ओतू, मशीन करू, चांगले वेचून पाठवू! सूचना मोहात पाडणारी आहे, पण मशीननं उघडी पडलेली छिद्रं तेवढीच दिसतात. कातडीखाली एक मिलिमीटर आत राहिलेलं छिद्र तपासणीतून सुटून चाकणला पोचतं आणि गिअरबॉक्स चालू लागल्यावर तिथून तेल झिरपू लागतं. तेव्हा जो मेल लिहावा लागेल, तो उशिराच्या मेलपेक्षा फार अवघड असेल.

दुसरी गोष्ट, रोज किती नग निघतील? इथं फौंड्रीचा वेग मोजून चालत नाही. ओतकाम दिवसाला चाळीस नगांचंही करता येईल, पण मशीन एकच आहे आणि एका नगाला ४० मिनिटं लागतात. दोन पाळ्यांत चहा, जेवण, टूल बदलणं वजा जाता १४ तास हातात राहतात. म्हणजे ८४० मिनिटं, म्हणजे २१ नग. त्यातला एखादा नापास धरला, तर रोज २०. सहा दिवसांच्या आठवड्यात १२०. कितीही धावपळ केली तरी ४०० नगांना वीस कामाचे दिवस लागणारच. ‘उशीर भरून काढू’ असं मेलमध्ये लिहिताना हीच चाळीस मिनिटं विसरली जातात.

आता तारखा आपोआप पडू लागतात. कोअर बॉक्सची दुरुस्ती ९ एप्रिलपर्यंत. दहा नगांचं चाचणी ओतकाम ११ला. फेटलिंग, मशिनिंग, तपासणी करून निकाल १५ला. गिऱ्हाइकाची मंजुरी १७ला. १८पासून मशीन सुरू, रविवार आणि १ मे वगळून रोज २० नग. ६० नग २१ एप्रिलला, पुढचे १२० नग २८ला, त्यापुढचे १२० नग ६ मेला आणि शेवटचे १०० नग १२ मेला मशीनवरून उतरतात. प्रत्येक खेपेला धुणं, तपासणी, पॅकिंग यांसाठी एक-दोन दिवस ठेवले, की पाठवायच्या तारखा मिळतात.

आणि इथंच या गोष्टीतली कळीची बाब दिसते. कारखान्याच्या हिशेबानं उशीर चौदा दिवसांचा आहे: ३० एप्रिलऐवजी १४ मे. पण चाकणला ४०० नग एकदम लागतच नाहीत, रोज दहा लागतात. पहिले २०० नग तयार होईपर्यंत थांबलं, तर लाइन मेपर्यंत उभी राहील. त्याऐवजी पहिले ६० नगच २३ एप्रिलच्या रात्री ट्रकवर चढवले, तर २४ला सकाळी पोचतात आणि लाइन २२ऐवजी २४ला सुरू होते. साठ नग सहा दिवस पुरतात आणि तोवर पुढचे १२० येतात. चौदा दिवसांचा उशीर तसाच राहतो, पण गिऱ्हाइकाचा खोळंबा दोनच दिवसांचा होतो. वेळापत्रक गिऱ्हाइकाच्या खपावरून आखलं तरच हे सुचतं.

मेल

असे मेल कोल्हापूर-पुण्यातही बहुधा इंग्रजीतच जातात. तोच मजकूर मराठीत लिहिला तर असा होईल:

*विषय: गिअरबॉक्स हाउसिंग, ४०० नग : पहिले ६० नग २३ एप्रिलला, पूर्ण ऑर्डर १४ मेला (पूर्वीची तारीख ३० एप्रिल)*

*नमस्कार साहेब,*

*काल फोनवर बोलल्याप्रमाणे, २० आणि ३० एप्रिलच्या तारखा आम्हाला पाळता येणार नाहीत. पूर्ण ऑर्डर १४ मेला पुरी होईल. मात्र तुमची लाइन फार थांबू नये म्हणून पहिला लॉट लहान करून २३ एप्रिलला पाठवत आहोत.*

*कारण : ३ एप्रिलला मशिनिंग करताना दहापैकी चार नमुन्यांत बेअरिंगच्या जागी ब्लो होल निघाले. त्या भागात कोअरला व्हेंट नव्हता. वायू तिथं अडकला असावा, असा आमचा निष्कर्ष आहे. तो खरा की नाही, हे १५ एप्रिलच्या चाचणीत ठरेल. कोअर बॉक्स आमच्याकडेच तयार झाला होता, त्यामुळे चूक आमची आहे. तुम्हाला लाइनचं वेळापत्रक बदलावं लागतंय, याबद्दल दिलगीर आहोत.*

*सुधारित टप्पे :*

*९ एप्रिल : कोअर बॉक्सची दुरुस्ती पूर्ण, फोटो पाठवू*
*११ एप्रिल : चाचणीच्या १० नगांचं ओतकाम*
*१५ एप्रिल : दहाही नगांचं मशिनिंग आणि तपासणी, त्यातले दोन नग कापून आतूनही पाहू, अहवाल आणि दोन नमुने तुमच्याकडे*
*१७ एप्रिल : तुमच्याकडून नमुना मंजुरी*
*२३ एप्रिल : ६० नग रवाना*
*३० एप्रिल : १२० नग रवाना (एकूण १८०)*
*७ मे : १२० नग रवाना (एकूण ३००)*
*१४ मे : १०० नग रवाना (एकूण ४००)*

*मंजुरीची वाट न पाहता १५ एप्रिलपासूनच आमच्या जबाबदारीवर ओतकाम सुरू करू. १५च्या चाचणीत एकाही नगात छिद्र निघालं, तर त्याच संध्याकाळी कळवू. तसं झाल्यास दुसऱ्या चाचणीला सहा दिवस लागतील आणि पुढच्या सगळ्या तारखा तेवढ्या सरकतील.*

*तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात : नमुने मिळाल्यापासून दोन दिवसांत मंजुरी, आणि पी.ओ.मधल्या तारखा वरीलप्रमाणे बदलून सुधारित पी.ओ.*

हा मेल विषयाच्या ओळीतच सगळं सांगून टाकतो. खरेदी अधिकाऱ्यानं मोबाइलवर तेवढीच ओळ वाचली तरी त्याचं भागतं. माफी एकदाच आहे, आणि ती ‘गैरसोयी’ची नाही, त्याला नेमकं काय करावं लागतंय त्याची आहे. कारणाला चार-पाच वाक्यं मिळालीत, तारखांना त्याच्या दुप्पट जागा. तिसऱ्या पाळीचा उल्लेख नाही. ती लावता येईल, पण ती कारखान्यानं खिशात ठेवलीय. मशीन एखादा दिवस बंद पडलं तर तूट भरायला ती लागेल. आधीच कबूल करून टाकली, तर अडचणीला काहीच हाताशी राहत नाही.

टप्पे निवडण्यातही एक कसोटी पाळलेली दिसते. प्रत्येक टप्पा असा आहे, की तो झाला की नाही हे चाकणमध्ये बसून पाहता येतं: फोटो आला, अहवाल आला, ट्रक आला. ‘६० टक्के काम पूर्ण’ हा टप्पा म्हणून लिहिला असता, तर तो तपासायला कुणाला शिरोलीला यावं लागलं असतं. शिवाय साठ टक्के कशाचे, हा वाद वेगळाच. सॉफ्टवेअरच्या कामात तर ‘९० टक्के झालंय’ हे वाक्य आठवडेन्‌आठवडे ऐकू येतं. तिथंही ‘लॉगिन आणि बिल छापणं चालू, तुमच्या माणसाला वापरून बघता येईल’ असा टप्पा तारखेसह दिला, तरच गिऱ्हाइकाला काही कळतं. पहिला टप्पा जवळचा, पाच-सहा दिवसांतला असावा लागतो. ९ एप्रिलचा फोटो मालाच्या हिशेबानं क्षुल्लक आहे. पण तो वेळेवर आला तर १४ मेवर विश्वास ठेवायला चाकणला पहिलं कारण मिळतं, आणि नाही आला तर पर्याय शोधायला त्यांच्या हाती महिना राहतो.

मंजुरीचा टप्पा वेगळा लिहिलेला आहे, कारण ते काम गिऱ्हाइकाचं आहे. तो लिहिला नाही तर मंजुरी २२ तारखेला येते आणि उशीर मात्र पुरवठादाराच्या खात्यावर चढतो.

‘ठीक आहे’चा अर्थ

मेलला उत्तर येतं: ‘ठीक आहे.’ एवढ्यानं तारीख बदलली का? खरेदी विभागाच्या ईआरपीमध्ये पी.ओ.वर जुनी तारीख तशीच असते आणि पुरवठादाराला गुण देणारा हिशेब तीच तारीख वाचतो. म्हणून सुधारित पी.ओ. मागितलेला आहे. कायद्याच्या बाजूनंही हे महत्त्वाचं ठरतं. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ६३नुसार, ज्याला माल मिळायचा आहे तो मुदत वाढवून देऊ शकतो. कलम ५५ सांगतं, की वेळेला महत्त्व असलेल्या करारात उशिरानं दिलेला माल गिऱ्हाइकानं स्वीकारला, तर उशिराची भरपाई त्याला मागता येत नाही; मात्र स्वीकारतानाच ‘भरपाई घेणार’ असं कळवलेलं असेल तर मागता येते.

हे ‘मात्र’ किती वजनदार आहे, ते ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स या खटल्यात दिसलं. १९९६ साली सॉ पाइप्सनं ओएनजीसीला तेलविहिरींसाठी पोलादी नळ्या पुरवायच्या होत्या. कच्चा माल इटलीहून येणार होता. युरोपातल्या पोलाद कामगारांचा संप झाला आणि तो अडकला. ऑक्टोबरअखेर सॉ पाइप्सनं पत्र लिहून कारण सांगितलं आणि ४५ दिवसांची मुदतवाढ मागितली. ओएनजीसीनं ती दिली, पण उत्तरात स्पष्ट लिहिलं, की करारात ठरलेली उशिराची रक्कम कापली जाईल. नळ्या आल्या, बिलातून पैसे कापले गेले आणि प्रकरण लवादाकडे गेलं. संप हे करारातल्या दैवी आपत्तीच्या कलमात बसत नाही, असं लवादानंही म्हटलं. पण ओएनजीसीनं प्रत्यक्ष नुकसान सिद्ध केलं नाही म्हणून पैसे परत करायला सांगितले. एप्रिल २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला. दोन्ही बाजूंनी नुकसानीचा खरा अंदाज म्हणून आधीच ठरवलेली रक्कम कापायला गिऱ्हाइकानं प्रत्येक वेळी वेगळा पुरावा द्यायची गरज नाही, असं न्यायालय म्हणालं.

म्हणजे मुदतवाढ मिळणं ही एक गोष्ट आणि दंड माफ होणं ही दुसरी. ‘ठीक आहे’ यात दोन्ही आहेत की पहिलीच, हे शब्दांत दिसत नाही. पी.ओ.वर उशिराचा दंड लिहिलेला असेल, तर तो नव्या तारखांपासून मोजायचा की जुन्या, हे सुधारित पी.ओ.त लिहून घ्यावं लागतं. आणि ‘चूक आमची आहे’ हे वाक्य? मोठ्या रकमेच्या करारात ते पाठवण्याआधी वकिलाला दाखवणारे कारखानदार आहेत, आणि त्यात वावगं काही नाही. चारशे नगांच्या ऑर्डरीत मात्र कोअर बॉक्स कुणी केला हे दोघांनाही ठाऊक असतं. ते टाळलं तर उत्तरात पहिला प्रश्न तोच येतो.

१ मेची सुट्टी

चाकणहून दुसऱ्या दिवशी आलेलं उत्तर तीन ओळींचं आहे. टप्पे मान्य. सुधारित पी.ओ. सोमवारी येईल. आणि शेवटची ओळ: ‘दुसरा लॉट ३० एप्रिलच्या रात्री निघाला तर १ मेला पोचेल. महाराष्ट्र दिनाला आमचं गेट बंद असतं. तो २९ला पाठवा.’

शिरोलीत मशीन बंद राहील म्हणून १ मे धरलेला होता, चाकणचं गेट बंद राहील हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ट्रक दिवसभर फाटकाबाहेर उभा राहिला असता आणि साठ नग तर ३० एप्रिललाच संपणार आहेत. मशीनवरून १२० नग २८ला उतरतात. २९ला पाठवायचे म्हणजे पॅकिंगला दोन दिवसांऐवजी एकच मिळतो. सुपरवायझर हिशेब करतो आणि सांगतो, की त्या रात्री पॅकिंगला दोन माणसं जादा घेऊ. मग तारखांचा तक्ता पुन्हा पूर्ण लिहून पाठवला जातो, ३०च्या जागी २९ घालून. ‘दुसरा लॉट एक दिवस आधी’ एवढंच कळवलं असतं, तर चाकणच्या तीन माणसांकडे तीन वेगवेगळी वेळापत्रकं राहिली असती.

९ एप्रिलला कोअर बॉक्सचा फोटो जातो. व्हेंटच्या जागी खडूनं गोल काढलेला. १५च्या संध्याकाळी त्याच मेलच्या खाली, तीच विषयाची ओळ ठेवून, पुढचा मेल जातो: ‘दहापैकी दहा नग स्वच्छ. कापलेल्या दोन नगांचे फोटो सोबत. दोन नमुने आजच्या गाडीनं निघाले, पावती क्रमांक खाली. पुढच्या तारखांत बदल नाही.’ चाकणला खरेदी अधिकारी तो लाइनच्या इन्चार्जकडे पुढे पाठवतो आणि भिंतीवरच्या फळ्यावर २२ पुसून २४ लिहायला सांगतो.